फ्रेझल व्हर्बच्या जोड्या लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अ गट’ आणि ‘ब गट’ देऊन फ्रेझल व्हर्बच्या जोड्या लावायला सांगितले की अडचणी बहुतेक त्याच त्याच येतात. विद्यार्थी, पालक आणि शिकवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले असल्यामुळे एक खूण आधीच सांगून ठेवतो: ‘ऑफ’ म्हणजे दोन एफचा, ‘ऑव्ह’ म्हणजे एका एफचा.

१. फ्रेझल व्हर्ब म्हणजे नेमके काय? दोन्ही शब्दांचा अर्थ माहीत असूनही जोडी का चुकते?

एक साधे क्रियापद आणि त्याला जोडून येणारा अप, ऑफ, आउट, इन, ऑन, डाउन, ओव्हर, आफ्टर यांसारखा छोटा शब्द मिळून एकच अर्थ तयार झाला, की ते फ्रेझल व्हर्ब. त्या छोट्या शब्दाला पार्टिकल म्हणतात. ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, तर ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे.

जोडी चुकते ती शब्द सुटे वाचल्यामुळे. विद्यार्थी ‘लुक’ पाहतो आणि ब गटात डोळ्यांशी, बघण्याशी संबंध असलेला अर्थ शोधू लागतो. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तसा एखादा अर्थ तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. क्रियापदाचा मूळ अर्थ हा सर्वांत कमी भरवशाचा धागा आहे. आधी कर्म पाहा, मग पार्टिकल आणि मूळ क्रियापद सगळ्यात शेवटी. पुढची बहुतेक उत्तरे याच क्रमावर उभी आहेत.

२. टर्न ऑन, टर्न ऑफ, टर्न डाउन, टर्न अप. क्रियापद एकच असताना अर्थ कसा ओळखायचा? पार्टिकलला स्वतःचा अर्थ असतो का?

काही पार्टिकलना कल असतो. तो ओळखता आला तर अंदाज सुधारतो, मात्र त्याला नियम समजू नये.

‘अप’चा एक ठळक कल म्हणजे काम पुरते संपवणे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांत खाणे, पिणे, वापरणे शेवटपर्यंत जाते. मराठीत हे काम ‘टाकणे’ करते: खाऊन टाकणे, पिऊन टाकणे, संपवून टाकणे. ‘डाउन’मध्ये कमी होण्याचा कल दिसतो, जसे स्लो डाउन, कट डाउन, काम डाउन. ‘ऑन’मध्ये चालू राहण्याचा कल आहे, जसे कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. ‘ऑफ’मध्ये सुटणे, दूर होणे किंवा थांबणे दिसते: टेक ऑफ, कट ऑफ, स्विच ऑफ.

कल कुठे दगा देतो, तेही पाहू. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजू लागला. क्रियापद तेच, पार्टिकल तेच, अर्थ मात्र जवळजवळ उलट. आणि ‘द मिल्क वेंट ऑफ’ म्हणजे दूध नासले. तिन्ही वाक्यांत फरक पाडला तो कर्त्याने. ‘ब्रिंग अप’ म्हणजे मूल वाढवणे किंवा एखादा विषय काढणे, तिथे ‘संपवणे’ हा कल लागूच होत नाही. म्हणून पार्टिकलवरून फक्त उमेदवार अर्थ निवडायचे आणि पक्के करायचे ते वाक्यावरून.

३. जोड्या लावायला सुरुवात कुठून करायची? एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

सात वाक्ये आणि आठ अर्थ असलेला एक नमुना घेऊ. पेपरात अर्थ इंग्रजीत असतात, इथे सोयीसाठी मराठीत दिले आहेत. एक अर्थ जास्तीचा आहे.

अ गट:
१) शी टुक आफ्टर हर ग्रँडमदर.
२) द प्लेन टुक ऑफ ॲट सिक्स.
३) ही टुक अप पेंटिंग लास्ट इयर.
४) ही टुक देम इन विथ अ फॉल्स स्टोरी.
५) द फॅक्टरी टुक ऑन टेन वर्कर्स.
६) ही सेड समथिंग रूड, बट ही टुक इट बॅक.
७) शी टुक ओव्हर द शॉप फ्रॉम हर फादर.

ब गट:
क) फसवले
ख) अंगावरून काढले
ग) कारभार हाती घेतला
घ) उड्डाण केले
च) छंद म्हणून सुरू केले
छ) कामावर घेतले
ज) बोललेले मागे घेतले
झ) तिच्यावर गेली, तिच्यासारखी निघाली

पहिली पायरी: ज्या वाक्यात कर्मच नाही ते शोधा. इथे फक्त दुसरे वाक्य तसे आहे. ‘ॲट सिक्स’ ही वेळ आहे, कर्म नव्हे. म्हणजे दुसऱ्याचा अर्थ अकर्मक हवा. ‘टेक ऑफ’ म्हटल्यावर अनेकांच्या मनात प्रथम कपडे किंवा बूट काढणे येते आणि ‘ख’ समोरच असतो. पण काढणे म्हटले की काय काढले ते सांगावे लागते आणि विमानाच्या वाक्यात तसे काहीच नाही. ‘ख’ बाद, ‘घ’ पक्का. जास्तीचा अर्थ कोणता हेही इथेच जवळपास कळले, कारण टेक ऑफ दुसऱ्या कुठल्याच वाक्यात नाही.

दुसरी पायरी: कर्म मध्ये घुसलेली वाक्ये वेगळी काढा. चौथ्यात ‘देम’ आणि सहाव्यात ‘इट’ हे क्रियापद आणि पार्टिकल यांच्यामध्ये आहेत. चौथ्यातले कर्म म्हणजे माणसे, सहाव्यातले म्हणजे आधी बोललेली गोष्ट. माणसांना फसवता येते, शब्द मागे घेता येतात. चौथ्याला ‘क’, सहाव्याला ‘ज’. घाईत इथे एक चूक होते: ‘टुक देम इन’ वाचून ‘आत घेतले’ असे मनात येते आणि त्याला जवळचा म्हणून ‘कामावर घेतले’ निवडला जातो. ‘विथ अ फॉल्स स्टोरी’ हे शब्द वाचले असते तर तो अर्थ टिकलाच नसता.

तिसरी पायरी: उरलेल्या चार वाक्यांत कर्म काय जातीचे आहे ते पाहा. आजी, चित्रकला, दहा कामगार, दुकान. उरलेले अर्थ ग, च, छ आणि झ. चित्रकला हा छंद, म्हणून तिसऱ्याला ‘च’. कामगार कामावर घेतात, म्हणून पाचव्याला ‘छ’. दुकानाचा कारभार हाती घेतात, म्हणून सातव्याला ‘ग’. पहिल्याला ‘झ’ उरतो.

चौथी पायरी: प्रत्येक अर्थ त्याच्या वाक्यात बसवून पूर्ण वाक्य मनात वाचा. शेवटची जोडी ‘उरली म्हणून लावली’ असेल तर तिच्यासाठी ही पायरी सर्वांत गरजेची. ‘ती आजीवर गेली’ हे वाक्य नीट लागते, त्यामुळे आधीची सहा बरोबर असल्याची खात्रीही मिळते. उरलेली जोडी विचित्र वाचली गेली तर चूक तिच्यात नसून आधी कुठेतरी झालेली असते.

४. एक जोडी चुकली तर गुण एकाचेच जायला हवेत ना? माझे नेहमी दोन तरी जातात.

दोन्ही गटांत सारखीच संख्या असेल आणि प्रत्येक अर्थ एकदाच वापरायचा असेल, तर फक्त एक जोडी चुकणे शक्यच नसते. तुम्ही चुकीचा अर्थ उचलता तो कोणाचा तरी बरोबर अर्थ असतो, म्हणजे त्या दुसऱ्या वाक्याला तो मिळत नाही. तिथे तुम्ही तिसऱ्याचा अर्थ दिलात तर चूक तीनवर जाते. जास्तीचा अर्थ दिलेला असेल तरच एकच जोडी चुकू शकते, तीही तो जास्तीचा अर्थ उचलला गेला तर.

यावर उपाय म्हणजे क्रमाने न सोडवणे. वाक्य एकपासून सुरू करून सातपर्यंत जाण्यापेक्षा ज्या जोड्यांत शंका नाही त्या आधी लावा आणि शंकेच्या जोड्यांसमोर पेन्सिलीने दोन्ही पर्याय लिहून ठेवा. शेवटी दोन वाक्ये आणि दोन अर्थ उरले, तर दोन्ही तऱ्हेने लावून वाचा. बहुतेक वेळा एक तऱ्हा लगेच खटकते.

५. ‘टर्न ऑफ द लाइट’ बरोबर, ‘टर्न द लाइट ऑफ’ही बरोबर, मग ‘टर्न ऑफ इट’ चूक का?

कारण कर्म सर्वनाम असेल तर तुटणाऱ्या फ्रेझल व्हर्बमध्ये ते मध्येच यावे लागते. ‘टर्न इट ऑफ’, ‘पुट देम ऑन’, ‘पिक हिम अप’. नामाला दोन्ही जागा मोकळ्या असतात, सर्वनामाला मधली एकच.

इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची माहिती शेवटाकडे जाते. ‘इट’ म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, म्हणून त्याला शेवटची जागा मिळत नाही आणि जोर पार्टिकलवर येतो. मराठी बोलणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण आपल्याकडे ‘दिवा बंद कर’ आणि ‘तो बंद कर’ यांची रचना एकच आहे, कर्म दोन्ही वेळा क्रियापदाच्या आधी. त्यामुळे ‘टर्न ऑफ इट’ कानाला खटकत नाही.

उलट बाजूचीही एक मर्यादा आहे. कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये घालत नाहीत. ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर दॅट द कंपनी मेड लास्ट वीक’ हे सहज वाचता येते. तीच सगळी ऑफर ‘टर्न्ड’ आणि ‘डाउन’च्या मध्ये कोंबली तर वाचणारा ‘डाउन’पर्यंत पोचेतो क्रियापद विसरलेला असतो.

जोड्या लावताना याचा थेट फायदा असा: वाक्यात इट, देम, हिम, हर मध्ये दिसले की ते फ्रेझल व्हर्ब तुटणारे आहे हे नक्की. आणि सर्वनाम पार्टिकलच्या नंतर दिसले, जसे ‘लुक आफ्टर हिम’, तर ते न तुटणारे आहे हेही नक्की.

६. कोणते तुटते आणि कोणते नाही, याची यादी पाठ करावी लागते का?

थोडी पाठ करावी लागते, पण ओळखण्याच्या युक्त्याही आहेत. पहिली युक्ती वरच्या उत्तरात आली: कर्माच्या जागी ‘इट’ घालून पाहा.

दुसरी युक्ती म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यामध्ये ‘केअरफुली’ किंवा ‘क्विकली’सारखे क्रियाविशेषण घालून पाहणे. ‘दे लुक्ड केअरफुली इन्टू द मॅटर’ चालते, म्हणून ‘लुक इन्टू’ न तुटणारे. ‘शी टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ चालत नाही, म्हणून ‘टर्न ऑफ’ तुटणारे. ऐकायला हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. न तुटणाऱ्यात ‘इन्टू’ पुढच्या कर्माला बांधलेला असतो, तर तुटणाऱ्यात ‘ऑफ’ क्रियापदाला बांधलेला असतो आणि त्यांच्यामध्ये फक्त कर्मालाच शिरता येते.

तिसरा मार्ग म्हणजे शब्दकोश. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत ‘समथिंग’ आणि ‘समबडी’ यांची जागाच उत्तर सांगते. ‘पुट समथिंग ऑफ’ असे छापले असेल तर तुटते, ‘लुक आफ्टर समबडी’ असे असेल तर तुटत नाही. काही शब्दकोश तुटणाऱ्यांसाठी दोन टोकांचा बाणही देतात. वहीत उतरवताना फक्त ‘पुट ऑफ’ असे न लिहिता ‘पुट समथिंग ऑफ’ असेच लिहा, म्हणजे अर्थाबरोबर रचनाही लक्षात राहते.

जोड्यांमध्ये सारखी भेटणारी न तुटणारी पाठच करून ठेवावीत: लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक फॉर, टेक आफ्टर, कम अक्रॉस, रन इन्टू, गेट ओव्हर, कॉल ऑन, डू विदाउट.

७. ‘रन अप अ हिल’ आणि ‘रन अप अ बिल’ यांत फरक काय? दोन्हीकडे ‘रन अप’च आहे.

पहिल्यात फ्रेझल व्हर्ब नाहीच. माणूस धावतो आणि कुठे, तर टेकडीवर. ‘अप’ टेकडीची दिशा सांगतो. दुसऱ्यात ‘रन अप’ मिळून एक अर्थ आहे, बिल वाढवून ठेवणे. ‘रन द बिल अप’, ‘रन इट अप’ म्हणता येते, ‘रन द हिल अप’ म्हणता येत नाही. ब गटात ‘चढत गेला’ आणि ‘थकवून ठेवले’ असे दोन अर्थ असतील तर कर्म पाहून क्षणात निर्णय होतो.

८. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ या वाक्यात कर्म दिसत नाही. मग हे अकर्मक धरायचे का?

नाही. तिसऱ्या प्रश्नातली पहिली पायरी वापरताना सर्वांत जास्त घसरण इथेच होते. हे वाक्य कर्मणी आहे: मीटिंग स्वतः पुढे गेली नाही, कोणीतरी ती पुढे ढकलली. कर्म उचलून कर्त्याच्या जागी बसवले आहे आणि ‘ऑफ’ एकटा मागे राहिला आहे. ‘वॉज’, ‘वेअर’, ‘हॅज बीन’ यांच्यानंतर क्रियापदाचे तिसरे रूप आले की आधी वाक्य मनात सरळ करून घ्या, ‘दे पुट ऑफ द मीटिंग’, आणि मगच कर्म आहे की नाही ते ठरवा. प्रश्नार्थक वाक्यात आणि ‘द वर्ड दॅट शी लुक्ड अप’ अशा रचनेतही कर्म पुढे निघून गेलेले असते.

खरोखरच अकर्मक असलेल्या फ्रेझल व्हर्बना बरेचदा एक सकर्मक जोडीदार असतो आणि दोघे एकाच पेपरात येतात. ‘द फायर वेंट आउट’ म्हणजे आग विझली, ‘दे पुट आउट द फायर’ म्हणजे आग विझवली. मराठी हा फरक क्रियापदातच दाखवते, इंग्रजी त्यासाठी दुसरे क्रियापद घेते आणि पार्टिकल तोच ठेवते. म्हणून इंग्रजी अर्थ वाचताना तो मनात मराठीत आणा आणि ‘विझणे’ की ‘विझवणे’ हे स्वतःला विचारा.

९. पुट ऑफ आणि कॉल ऑफ, गिव्ह अप आणि गिव्ह इन. अर्थ इतके जवळचे असतात की दोन्ही बरोबर वाटतात. काय करावे?

वाक्यातला पुरावा शोधावा. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, म्हणून त्याच्याबरोबर नवी वेळ यायची शक्यता जास्त: टिल मंडे, अंटिल नेक्स्ट वीक. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, म्हणून नवी तारीख नसते. ‘बिकॉज ऑव्ह रेन’ हा मात्र पुरावा नाही, कारण पावसाने सामना पुढेही ढकलला जातो आणि रद्दही होतो. गाळलेल्या जागेच्या वाक्यात एवढेच दिले असेल तर तो प्रश्नच सदोष आहे.

‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे किंवा प्रयत्न थांबवणे. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. सोडायला काहीतरी लागते, स्मोकिंग, द जॉब, होप. नमते घ्यायला समोर कोणीतरी दबाव आणणारे लागते, म्हणून ‘गिव्ह इन टू देअर डिमांड्स’ अशी रचना येते. पण ‘गिव्ह इन’ला सरळ कर्म मिळाले तर अर्थच पालटतो: ‘गिव्ह इन युअर नोटबुक्स’ म्हणजे वह्या जमा करा. कर्म आधी पाहायचा आग्रह आहे तो अशाच ठिकाणांसाठी.

आणखी एक नेहमीची जोडगोळी म्हणजे ‘पुट ऑन’ आणि साधे ‘वेअर’. ‘पुट ऑन’ ही घालण्याची क्रिया आहे, ‘वेअर’ ही घातलेले असण्याची स्थिती. ब गटात ‘कपडे घालणे’ आणि ‘कपडे अंगात असणे’ असे दोन्ही असतील तर ‘पुट ऑन’ला पहिलाच.

१०. एकाच फ्रेझल व्हर्बचे तीनचार अर्थ असतात. पेपरात वाक्य न देता नुसते ‘मेक अप’ दिले तर कोणता अर्थ घ्यायचा?

तेव्हा निर्णय ब गट करतो. ‘मेक अप’ म्हणजे मनाने रचून सांगणे, भांडणानंतर पुन्हा गोडी होणे आणि एखाद्या गोष्टीचे भाग मिळून ती बनणे. यांतला एकच अर्थ ब गटात असतो, त्यामुळे आधी अ गटात अडकून बसू नका. डावीकडच्या प्रत्येकाचे माहीत असलेले सगळे अर्थ एका शब्दात लिहा, मग उजवीकडे कोणता सापडतो ते पाहा. ज्याचा एकच अर्थ तुम्हाला येतो ते आधी लावा आणि अनेक अर्थांचे शेवटी.

उजवीकडचा अर्थ इंग्रजीत असेल तर त्याची रचनाही बोलते. ‘टू बिकम फ्रेंड्स अगेन’ अकर्मक आहे, ‘टू इन्व्हेंट समथिंग’ सकर्मक आहे.

११. तीन शब्दांची कशी ओळखायची? ‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’ एकच का?

एक नाहीत. ‘पुट समबडी अप’ म्हणजे एखाद्याला घरी राहायला जागा देणे. ‘पुट अप विथ समबडी’ म्हणजे त्याला सहन करणे. ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात शोधणे, ‘लुक अप टू’ म्हणजे आदर बाळगणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. तिसरा शब्द सुटला तर जोडी हमखास चुकते. म्हणून अ गटातले वाक्य पार्टिकलपाशी थांबवू नका, त्यानंतरचा एक शब्द वाचाच.

कर्म बहुतेक तीन शब्दांच्या नंतर येते, सर्वनाम असले तरी: ‘आय कान्ट पुट अप विथ इट’. थोडी उदाहरणे दोन कर्मांची आहेत, त्यांत एक मध्ये आणि एक शेवटी जाते. ‘शी पुट हर सक्सेस डाउन टू हार्ड वर्क’ म्हणजे तिने यशाचे श्रेय मेहनतीला दिले.

‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग’, ‘सीइंग’ अशी आयएनजी रूपे येतात. वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध जुळवायला दिले असतील तर ‘टू’ पाहून ‘मीट यू’ असलेला उत्तरार्ध उचलण्याची चूक फार होते.

१२. कर्म मध्ये आले की अर्थच बदलतो, असेही होते का?

होते, आणि हा खरा अवघड भाग आहे. ‘शी सॉ थ्रू हिम’ म्हणजे तिने त्याचे ढोंग ओळखले. ‘शी सॉ हिम थ्रू’ म्हणजे कठीण काळात तिने त्याला शेवटपर्यंत साथ दिली, आणि ‘सी द प्रोजेक्ट थ्रू’ म्हणजे काम तडीस नेणे. शब्द तेच आहेत, जागा बदलली आणि अर्थ दुसराच झाला. पाचव्या उत्तरात नामाला दोन्ही जागा मोकळ्या असल्याचे सांगितले, ते इथे लागू नाही. इथे प्रत्येक अर्थाची जागा ठरलेली आहे.

‘टर्न ऑन’चेही तसेच. ‘शी टर्न्ड ऑन द रेडिओ’ तुटते, पण ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा उलटून त्याच्या अंगावर गेला, आणि हे तुटत नाही. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे दुखण्यातून किंवा दुःखातून सावरणे, तर ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसे काम एकदाचे उरकून टाकणे.

काही थोडी अशी आहेत की जी नेहमी तुटलेलीच सापडतात. ‘टेल द ट्विन्स अपार्ट’ म्हणजे जुळ्यांतला फरक ओळखणे. ‘टेल अपार्ट द ट्विन्स’ असे कोणी म्हणत नाही. वहीत ही वेगळ्या पानावर ठेवा.

१३. वर्गासाठी जोड्यांचा प्रश्न स्वतः तयार करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

डावीकडे सात आणि उजवीकडे आठ ही संख्या सोयीची आहे. जास्तीचा एक अर्थ असल्यामुळे शेवटची जोडी आपोआप लागत नाही. तो अर्थ परका नको, वर दिलेल्या ‘टेक ऑफ’सारखा डावीकडच्याच एखाद्या फ्रेझल व्हर्बचा दुसरा अर्थ निवडा, म्हणजे वाक्य वाचणाऱ्यालाच तो टाळता येतो.

डावीकडे नेहमी पूर्ण वाक्य द्या. दोन्ही बाजूंचा काळ एकच ठेवा. एकीकडे ‘टुक’ आणि उजवीकडे एकाच अर्थाला भूतकाळ, बाकीचे मूळ रूपात, असे झाले तर विद्यार्थी इंग्रजी न समजताही जोडी लावतो. सात वाक्यांत किमान दोन ठिकाणी कर्म मध्ये असू द्या आणि त्यांतले एक सर्वनाम ठेवा. एका प्रश्नात एकच क्रियापद आणि वेगवेगळे पार्टिकल घ्या, किंवा एकच पार्टिकल आणि वेगवेगळी क्रियापदे. दोन्ही बदलली तर विद्यार्थी नेमके कशात अडला ते तुम्हाला तपासताना कळत नाही.

छापण्याआधी प्रत्येक अर्थ प्रत्येक वाक्यात बसवून पाहा. सात गुणिले आठ म्हणजे छप्पन्न वेळा, पण बहुतेक नजरेनेच बाद होतात. दोन जागी बसणारा अर्थ सापडला तर वाक्यात एखादा पुरावा वाढवा, जसे ‘पुट ऑफ’च्या वाक्यात ‘टिल मंडे’. उत्तरपत्रिका तपासताना बरोबर-चूक एवढेच न पाहता कोणाच्या जागी काय लिहिले तेही टिपून ठेवा. ‘टुक ऑफ’समोर ‘काढले’ लिहिणाऱ्याला आठव्या उत्तरातला सराव हवा, आणि ‘टुक देम इन’समोर ‘कामावर घेतले’ लिहिणाऱ्याला वाक्य शेवटपर्यंत वाचण्याचा.